डोळे, कल्ले, टीव्हीबी-एन सगळं ठीक, तरी हिस्टामिनवर खेप नापास कशी?

प्रश्न: बांगड्याची खेप होती, बर्फात नीट ठेवलेली. डोळे, कल्ले, वास बघून परीक्षकांनी पहिला दर्जा दिला. टीव्हीबी-एन, म्हणजे सडताना वाढणारा उडनशील अल्कधर्मी नायट्रोजन, १८ आला, म्हणजे ३५ च्या बराच खाली. हिस्टामिनच्या नऊ नमुन्यांत आठ अगदी कमी, पण एक २४० निघाला आणि सगळी खेप नापास. मासा ताजा होता की नव्हता? प्रयोगशाळेची चूक समजून पुन्हा नमुने पाठवावेत का?

उत्तर: तुमचे तिन्ही अहवाल एकाच वेळी खरे असू शकतात, आणि बहुधा आहेतच. घोटाळा ‘ताजा’ या शब्दात आहे. डोळे-कल्ले आणि टीव्हीबी-एन मुख्यतः सांगतात की मासा बर्फात किती दिवस होता. हिस्टामिन हा खाणाऱ्याला बाधणारा पदार्थ सांगतो की बर्फात जाण्याआधी, किंवा मध्येच कधीतरी, तो किती तास उबेत होता. दोन घड्याळं वेगळी आहेत आणि एकावरून दुसऱ्याची वेळ काढता येत नाही.

टीव्हीबी-एनपासून सुरुवात करू, कारण तुमचा सर्वांत जास्त भरवसा त्याच आकड्यावर दिसतो. यात अमोनिया, ट्रायमिथाइलअमाइन आणि डायमिथाइलअमाइन असे वाफेबरोबर उडून येणारे अल्कधर्मी पदार्थ एकत्र मोजतात. समुद्री माशाच्या मांसात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड मुळातच असतं. शेवानेला, फोटोबॅक्टेरियमसारखे थंडीतही वाढणारे जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि शिळ्या मासळीचा तो ओळखीचा वास येतो. या जिवाणूंची संख्या भरपूर वाढेपर्यंत आकडा जवळजवळ जागचा हलत नाही. अगदी ताज्या समुद्री माशातही तो साधारण १० ते १५ असतो. बर्फातले सुरुवातीचे बरेच दिवस तो तिथेच रेंगाळतो आणि मग एकदम चढतो. म्हणून १८ चा अर्थ एवढाच, की बर्फातलं शेवटच्या टप्प्याचं सडणं अजून सुरू झालेलं नाही. पहिल्या दिवशी दुपारी काय झालं हे तो आकडा सांगू शकत नाही.

दुसरं म्हणजे, ३५ ही मर्यादा बांगड्यासाठी नाहीच. युरोपीय नियमांत टीव्हीबी-एनच्या मर्यादा ठरावीक गटांना आहेत: सेबास्टेस जातीच्या माशांना १०० ग्रॅममागे २५ मिलिग्रॅम, हॅलिबट सोडून बाकी प्लुरोनेक्टिडी कुळातल्या चपट्या माशांना ३०, आणि अटलांटिक सामन, हेक व कॉड कुळातल्या माशांना ३५. बांगडा त्या यादीत नाही. खरेदी करारात कोणीतरी ३५ लिहिलं असेल तर तो करारातला आकडा झाला. शिवाय त्याच नियमांनुसार ही चाचणी तेव्हा करायची असते, जेव्हा डोळ्या-नाकाने केलेल्या परीक्षेत शंका येते. शंका नसताना ती पास झाली याला फारसं वजन नाही.

चाचणीतही आकडा खालीवर होण्याच्या जागा आहेत. प्रमाण पद्धतीत १० ग्रॅम मांस ९० मिलिलिटर ६ टक्के परक्लोरिक आम्लात घोटून गाळतात. त्यातला ५० मिलिलिटर अर्क घेऊन अल्कली घालतात आणि वाफेने ऊर्ध्वपातन करून १०० मिलिलिटर द्रव बोरिक आम्लात पकडतात. मग ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन होतं. १० ग्रॅम नमुना असेल तर कोऱ्या चाचणीचं माप वजा करून उरलेल्या मिलिलिटरांना २.८ ने गुणलं की उत्तर मिळतं. ६.४ मिलिलिटर लागले असतील तर १७.९, म्हणजे तुमचे १८. अल्कली कमी पडली तर सगळे अमाइन सुटत नाहीत आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणूनच फिनॉल्फ्थॅलीन घालतात. ऊर्ध्वपातन होत असताना त्याचा गुलाबी रंग टिकला पाहिजे. उलट काही ठिकाणी आम्लात अर्क न काढता मांसच मॅग्नेशियम ऑक्साइडबरोबर उकळतात. त्यात प्रथिनं थोडी फुटतात आणि आकडा वाढून येतो. त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत तर भांडण्याआधी पद्धत कोणती होती ते विचारा.

आता हिस्टामिन. बांगडा, टूना, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल मोकळ्या रूपात भरपूर असतं. माशाच्या कल्ल्यांवर आणि आतड्यात मॉर्गानेला मॉर्गानीसारखे जिवाणू असतात. मासा मेल्यावर ते मांसात शिरतात आणि त्यांचं डिकार्बॉक्सिलेज हे विकर हिस्टिडिनपासून हिस्टामिन बनवतं. यांची चांगली वाढ २० ते ३० अंश सेल्सियसला होते. काही फोटोबॅक्टेरियम आणि मॉर्गानेला सायक्रोटॉलरन्स शून्य ते पाच अंशांतही हिस्टामिन बनवतात, पण त्यांना दिवस लागतात. उबेतल्या जिवाणूंना काही तास पुरतात.

ते तास संपल्यावर मासा बर्फात गेला तर जिवाणूंची वाढ थांबते, पण झालेलं हिस्टामिन तसंच राहतं. धुऊन, गोठवून, शिजवून किंवा डबाबंद करूनही ते जात नाही. विकरही तयार झालेलं असतं. गोठवल्याने काही जिवाणू मरतात, विकर टिकतं, आणि मासा वितळला की काम पुन्हा सुरू होतं. हिस्टामिनला वासही नाही. चार-सहा तासांत अमोनिया किंवा ट्रायमिथाइलअमाइन वाढायला वेळ मिळालेला नसतो, म्हणून टीव्हीबी-एन १८ वर राहतो. बर्फात दोनच दिवस गेलेले असतात, म्हणून डोळे फुगीर आणि बाहुली काळी दिसते. तुमच्या खेपेचं चित्र यात बरोबर बसतं.

म्हणजे परीक्षकांनी चूक केली का? त्यांनी कोणता तक्ता वापरला यावर ते आहे. डोळे, कल्ले, कातडी, पोट यांना शून्य ते तीन असे दोषगुण देणारी क्वालिटी इंडेक्स पद्धत बर्फातल्या दिवसांवर बेतलेली आहे. त्या कामात ती उत्तम आहे, कारण बेरीज बर्फातल्या दिवसांबरोबर जवळपास सरळ रेषेत वाढते. डोळा आधी फुगीर, मग सपाट, मग खोलगट होतो; बाहुली काळीची करडी होते. कल्ल्यांचा तांबडा रंग तपकिरीकडे झुकतो आणि त्यांच्यावरचा चिकटा आरपार दिसणारा असतो तो दुधाळ होतो. पण बर्फाचं वितळलेलं पाणी सतत लागलं तर ताज्या माशाचेही कल्ले फिके पडतात, आणि बर्फाच्या खड्याखाली दबलेला डोळा खोल गेलेला दिसतो. बांगड्याचं पोट फुटलेलं असेल तर तेही लगेच सडण्याच्या खात्यात टाकू नका. भरपूर खाल्लेला मासा पकडला गेला असेल तर त्याची पाचक विकरं पोटाची भिंत पोखरतात. तरीही पोट फुटलेला मासा हिस्टामिनसाठी आधी उचलावा, कारण आतड्यातल्या जिवाणूंना वाट तिथूनच मिळते.

उबेतलं बिघडणं नाकाने पकडायचं असेल तर नाक दुसरीकडे न्यावं लागतं. कातडीचा आणि कल्ल्यांचा वास धुण्याने निघून जातो. मासा मानेशी, कल्ल्यांच्या झाकणामागे, आडवा मोडा. पाठीच्या कण्यालगतचं जाड मांस उघडं करा आणि दोन बोटांत चोळून किंचित ऊब येऊ द्या. बर्फासारखं गार मांस वास देत नाही, ही गोष्ट घाईत हमखास विसरली जाते. समुद्री शेवाळासारखा किंवा काहीच नसल्यासारखा वास ठीक. आंबटगोड, पिकून उतरलेल्या फळासारखा, किंवा आंबोणासारखा वास आला तर तो मासा उबेत राहिलेला आहे, मग डोळा कितीही तेजस्वी असो. मोठ्या टूनाच्या बाबतीत शिजवल्यावर मांसात मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं दिसतात, तीही याच प्रकारच्या बिघाडाची खूण. मात्र असा वास नाही म्हणून हिस्टामिन नाही, असं उलटं मानू नका.

आता तुमचे नऊ आकडे. तुम्ही आठ आकडे नेमके लिहिले नाहीत, म्हणून समजा ते किलोमागे मिलिग्रॅममध्ये असे होते: ९, ६, १४, ३१, ८, ११, २४०, ७, १२. युरोपीय निकषात नऊ नमुने घेतात. सरासरी १०० च्या वर जाता कामा नये, १०० ते २०० च्या मध्ये दोनपेक्षा जास्त नमुने नकोत आणि २०० च्या वर एकही नको. इथे बेरीज ३३८, सरासरी ३७.६. सरासरी छान, मधल्या पट्टीत कोणी नाही, पण एक २०० च्या वर. खेप नापास, आणि निर्णय बरोबर. खाणारा माणूस सरासरी खात नाही; त्याच्या ताटात तो सातवा मासा येतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या प्रमाणातही १०० ग्रॅममागे १० मिलिग्रॅम ही बिघाडाची आणि २० मिलिग्रॅम ही सुरक्षेची मर्यादा आहे, म्हणजे तेच १०० आणि २००. एकक बघण्याची सवय मात्र ठेवा. अहवालात २४ दिसलं की ‘पास’ म्हणून उडी मारण्याआधी ते किलोमागे आहे की १०० ग्रॅममागे, ते पाहा.

हेच मासे खर्च वाचवायला एकत्र घोटले असते तर काय झालं असतं? नऊ मिळून एकच नमुना केला तर ३७.६, आणि कोणालाच पत्ता लागला नसता. तीन-तीनचे गट केले तर ९.७, १६.७ आणि ८६.३. शेवटचा गटही १०० च्या खालीच आहे. म्हणून गट करताना मर्यादेलाही गटातल्या माशांच्या संख्येने भागायचं असतं: २०० भागिले ३, म्हणजे ६७. मग ८६.३ वर बोट ठेवता येतं आणि त्या गटातले तीन मासे वेगवेगळे तपासता येतात. तुमच्या इतर खेपा ‘कधीच नापास झाल्या नाहीत’ असं असेल, तर त्या नमुने एकत्र करून तपासल्या होत्या का, हे आधी बघून घ्या.

प्रयोगशाळेची चूक अशक्य नाही, पण ती पुन्हा मासे पाठवून सापडत नाही. २४० च्या त्याच नमुन्याचे कागद मागवा. जोडीने केलेल्या दोन मोजण्या जुळतात का? ज्ञात हिस्टामिन घातलेल्या नमुन्यातून किती परत मिळालं? एचपीएलसी या द्रव-वर्णलेखन यंत्रावर मोजलं असेल तर प्रमाणरेषेचं वरचं टोक कुठे होतं? आकडा त्याच्या पलीकडे गेला असेल तर अर्क पातळ करून पुन्हा मोजायला हवा होता, आणि त्या गुणकात चूक होऊ शकते. मोजणीची अनिश्चितता समजा ±३० लिहिली असेल, तर खालचं टोक २१०, म्हणजे तरीही २०० च्या वर. आणखी एक प्रश्न हमखास विचारा: नमुना पोहोचला तेव्हा त्याचं तापमान किती होतं आणि तो कुठे, किती वेळ वितळला? टेबलावर रात्रभर वितळत ठेवलेल्या नमुन्यात विकर पुन्हा कामाला लागतं आणि प्रयोगशाळेतच हिस्टामिन वाढतं. पण तसं असतं तर एकत्र वितळलेल्या बाकीच्यांपैकीही काही वर गेले असते. आठ शांत आणि एक उसळलेला, हे चित्र माशांमधल्या खऱ्या फरकाचंच जास्त आहे. एकाच माशातही पोटाजवळ आणि कल्ल्यांजवळ हिस्टामिन जास्त, शेपटीकडे कमी सापडतं. त्यामुळे तुकडा कुठून कापला होता हेही विचारा.

तोच अर्क उरला असेल तर मासा बिघडताना जिवाणू बनवतात ते कॅडाव्हेरिन आणि प्युट्रेसिन हे अमाइनही मोजून घ्या. हिस्टामिनबरोबर कॅडाव्हेरिनही चढलेलं असेल तर मासा बिघडल्याला दुसरा साक्षीदार मिळाला आणि आकडेमोडीच्या चुकीची शंका जवळपास मिटली.

नव्याने नऊ मासे पाठवण्याबद्दल हिशोब बघा. समजा खेपेतले ५ टक्के मासे उबेत सापडलेले आहेत. नऊ उचलले आणि त्यात एकही तसा आला नाही, याची शक्यता ०.९५ चा नववा घात, म्हणजे ६३ टक्के. म्हणजे तीच खराब खेप दुसऱ्यांदा पास होण्याची शक्यता नापास होण्यापेक्षा जास्त आहे. अठरा मासे घेतले तरी ४० टक्के. साठ घेतले तेव्हा कुठे ती ५ टक्क्यांखाली येते. त्यामुळे दुसऱ्या फेरीतला ‘पास’ पहिल्या फेरीतला २४० पुसून टाकत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने नकार दिला तर तो हेका समजू नका.

करण्यासारखं एक आहे, पण ते तुमच्या नोंदींवर अवलंबून आहे. खेप अनेक बोटींची किंवा जाळ्याच्या अनेक ओढींची असेल आणि प्रत्येक पेटीवर तो संकेत असेल, तर सातवा मासा कोणत्या पेटीतला ते शोधा. त्या ओढीचा सगळा माल बाजूला काढा आणि बाकीच्या प्रत्येक ओढीची स्वतंत्र, जास्त माशांची तपासणी मागा. हा युक्तिवाद टिकतो, कारण ऊब लागण्याचं कारण बहुतेक वेळा एका ओढीपुरतं किंवा एका कप्प्यापुरतं असतं. पेट्यांवर संकेत नसतील आणि बर्फ मारताना सगळं एकत्र झालं असेल, तर वेगळं काढायला काही उरत नाही. शिजवून किंवा डबाबंद करून माल वाचवता येईल का, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, नाही येत.

मग ऊब लागली कुठे? बांगडा लहान असतो, बर्फाला थेट टेकला की लवकर गार होतो. पण ढीग करून वरखाली बर्फ मारला तर मधले मासे एकमेकांचीच गोधडी होतात. ३० अंशांवरचा एक किलो मासा शून्यावर आणायला, फक्त त्याच्या अंगातली उष्णता काढायला, साधारण एक तृतीयांश किलो बर्फ वितळतो. बाहेरून येणाऱ्या उष्णतेला लागणारा बर्फ वेगळा. म्हणून उष्ण हवेत माशाइतकाच बर्फ घेतात, तोही थराथराने. तेवढा बर्फ पेटीत असला, पण सगळा वरच ओतलेला असला, तर मधल्या थराला त्याचा उपयोग उशिरा होतो. अमेरिकेच्या एफडीएच्या मार्गदर्शनात हवा किंवा पाणी २८.३ अंशांच्या वर असेल तर मासा मेल्यापासून सहा तासांच्या आत बर्फात किंवा ४.४ अंशांखालच्या थंड पाण्यात गेला पाहिजे, असं म्हटलं आहे. हे तास बोटीवर मासा चढल्यापासून मोजायचे नाहीत. जाळ्यात मेलेला मासा जाळं ओढेपर्यंत तास खर्च करत असतो.

पुढच्या खेपेला तापमापीची सुई कल्ल्यांच्या झाकणामागून कण्याकडे, सर्वांत जाड भागात घाला, आणि मासा नेहमी पेटीच्या मधल्या थरातला घ्या. वरच्या थरातला मासा एक अंश दाखवतो आणि सगळे खूश होतात. बर्फ मारल्यानंतर दर तासाला मधल्या थराचं तापमान, ओढीचा संकेत आणि जाळं टाकल्याची व ओढल्याची वेळ एकाच ओळीत लिहा. तपासणीसाठी नऊ मासे उचलताना त्यातले निम्मे तरी अशा पेट्यांतून घ्या, जिथे ते तापमान सर्वांत हळू उतरलं. त्या पेट्या पास झाल्या तर बाकीच्यांबद्दल काहीतरी ठामपणे म्हणता येईल.